एक वार, दोन पिशव्या

आखाती देशातल्या, सालमियातल्या माझ्या दवाखान्यात रिदाची बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी केली. जुळं होतं. मध्ये पातळ पडदा, म्हणजे पिशव्या दोन; पण बाळांना पोसणारी वार एकच.

"पिशव्या वेगळ्या आहेत ना? मग झालं," काशिफ म्हणाला. असे निश्चिंत नवरे मला नवे नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्याने तिचं तिकीटही काढलं होतं.

मी म्हणाले, "वार एकच असली की एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं. वेळीच कळावं म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासायचं. प्रत्येकाची वार वेगळी असती, तर महिन्याने चाललं असतं."

"गावाहून सोनोग्राफीला तीन तास लागतात," रिदा पोटावरचं जेल पुसत म्हणाली. "माझं तिकीट रद्द करा. अम्मीचं काढा."