बेकरीवाल्याचा खालचा ओठ

बेकरीवाल्याला थर्मामीटर म्हणजे स्वतःच्या अनुभवाचा अपमान वाटे. चॉकलेट वितळलं की त्याचा थेंब तो खालच्या ओठाला लावी, जेमतेम कोमट लागलं की भांडं उतरवी. बायकोने हौसेने आणलेला थर्मामीटर त्याच्या लेखी बारा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता आणि त्यावरून टोमणे मारायची एकही संधी हा गृहस्थ सोडत नसे.

त्या सकाळी लोणी आणायला जातो म्हणून तो गुपचूप ठणकती दाढ भरून आला. इंजेक्शनने खालचा ओठ पार बधिर झालेला. पण संध्याकाळी लेकीचं लग्न, आणि केक बाबांच्याच हातचा हवा हा तिचा हट्ट. बायकोला कळलं असतं तर तिने त्याला सरळ घरी पाठवलं असतं. म्हणून पठ्ठ्या गप्प राहिला.

बायको पुढे गिऱ्हाइकांपाशी होती. त्याने क्रीममध्ये मिसळायचं पांढरं चॉकलेट डबल बॉयलरवर ठेवलं. खाली मंद वाफाळणारं पाणी, वरच्या भांड्याच्या बुडाला न लागणारं, सगळं नेहमीसारखं. थेंब ओठाला लावला. काहीच नाही. अजून राहू दे म्हणाला. पुन्हा लावला, पुन्हा काही नाही. चौथ्या खेपेला चमचा फिरेना. चॉकलेट जास्त तापून घट्ट, रवाळ गोळा होऊन बसलं होतं.

आता एकच पाकीट उरलं होतं. तेही बिघडलं तर लेकीचा केक होणार नव्हता.

बायको आत आली. तिने भांड्याकडे पाहिलं, मग त्याच्या हनुवटीकडे. तिथे चॉकलेट ओघळून वाळलं होतं आणि याला पत्ताच नव्हता.

"दाढ?" तिने विचारलं. त्याने मान हलवली.

ती रागावली नाही. तिने उरलेल्या पाकिटातलं चॉकलेट बारीक चिरलं, काचेचं भांडं पुसून कोरडं ठणठणीत केलं, कारण पाण्याचा एक थेंबही ते बिघडवतो. मायक्रोवेव्ह निम्म्या ताकदीवर, तीस सेकंद. बाहेर काढून ढवळलं. पुन्हा तीस. तुकडे अजून जसेच्या तसे दिसत होते, पण चमचा लागताच मोडत होते. मग पंधरा-पंधरा सेकंद, दर वेळी ढवळून. चार-दोन खडे उरले तेव्हा तिने थांबवलं आणि नुसतं ढवळत राहिली. भांड्यातल्या उबेने तेही विरले.

मग तिने ड्रॉवर उघडला. थर्मामीटरने बेचाळीस अंश दाखवले. बेकरीवाला मात्र त्याच्या खोक्याकडे बघत होता. झाकण चिकटपट्टीने जोडलेलं, कडांना वाळलेल्या चॉकलेटचे डाग.

"हा तू वापरतेस?"

"बारा वर्षं. तुम्ही भांडं उतरवून वळलात की मी मोजते."

"आणि?"

"दोन अंशांपलीकडे कधी चुकला नाहीत. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात."

बेकरीवाल्याने चमच्यावरचा थेंब बोटाने टिपला आणि तिच्या खालच्या ओठाला लावला.

"कोमट," ती म्हणाली. "मिसळा आता."