शिकवणीच्या तारखा

गोदामात सगळे त्यांना काका म्हणत. यंत्रांचे सुटे भाग कुठल्या गिऱ्हाइकाला जायचे, याच्या नोंदी ते करत. कागदावर काम चालायचं तोवर त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मग नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या आणि काका अडखळायला लागले. एकाचा माल दुसऱ्याच्या दारात.

त्यांची सुपरवायझर एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिने जीव तोडून शिकवलं. शेजारी बसून, न वैतागता, पुन्हा पुन्हा. काय शिकवलं, काय चुकलं हे दर आठवड्याला एचआरच्या बाईंना मेलने कळवायची आणि शेवटी हमखास लिहायची, ‘काकांना अजून थोडा वेळ द्या.’ वेळ मिळालाही. लेखी ताकिदी झाल्या, काकांचं म्हणणं ऐकून झालं. चुका काही थांबल्या नाहीत.

बाईंनी काकांना कामावरून काढण्याच्या पत्राचा मसुदा केला. कंपनीचे वकील त्यावर पेन चालवत होते.

“‘मनापासून प्रयत्न केले’ हे काढा.”

“पण केलेत ना त्यांनी,” सुपरवायझर म्हणाली.

“केले असतील. उद्या कोर्टात हेच वाक्य आपल्याला वाचून दाखवतील. ‘निष्काळजी’ही नको, ते आपलं मत झालं. अपेक्षित काम, झालेल्या चुका, ताकिदी, दिलेली मदत. बस.” मग तिचे मेल चाळून ते खूश झाले. “अशा तारीखवार नोंदी कुणी ठेवत नाही हो! तक्ता करून पत्राला जोडा.”

तिच्या विनवण्यांची पत्रात ‘मुदतवाढ’ झाली.

काकांना मीटिंग रूममध्ये बोलावलं; सुपरवायझरही होती. नोटिशीऐवजी पगार, उरलेला हिशोब, अपील कुणाकडे करायचं, बाईंनी सगळं एका सुरात सांगितलं. “सही फक्त पत्र मिळाल्याची. तुम्हाला मान्य आहे असा अर्थ होत नाही.”

काका तक्त्यावर थांबले. बोट ओळीओळीने खाली सरकत गेलं.

“हे तू लिहून देत होतीस?”

“काका, मी तुमच्यासाठी वेळ मागत होते...”

“पत्राबाहेरचं नको, प्लीज,” बाई म्हणाल्या.

काकांनी सही केली, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“तू नवीन होतीस तेव्हा काय कमी घोळ घातलेस?” ते शांतपणे म्हणाले. “मी कुठे लिहून ठेवले नाहीत. म्हणून आज त्या खुर्चीत आहेस.”

दार लोटून ते निघून गेले. बाईंनी तिच्याकडे न बघता सहीची प्रत फाइलला लावली.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगवाल्याची नोंद अडली. ती मदतीला उठली, तसा त्याने स्क्रीन भिंतीकडे वळवला.

“राहू द्या मॅडम. जमतंय मला.”

जमत नव्हतं. तिला दिसत होतं. पण त्या दिवसापासून गोदामात तिला कुणी काही विचारलं नाही.