पेटीला आलेली किळस

मित्रांनो, मी हार्मोनियम आहे, पण घरात मला 'पेटी' म्हणतात. आतल्या पितळी जिभा कानशीने घासून एका कारागिराने मला सुरात आणले. पुढे या घरातील आईने मला वाजवले. लग्नघरची चिडवाचिडवीची गाणी तीच रचायची. गेल्या वर्षी ती गेली, आणि तेव्हापासून मी कपाटावर धूळ खात पडले.

धाकट्या मुलीच्या लग्नाआधीच्या संगीताच्या दिवशी दुपारी मला खाली काढले. मामाने सर्वांना पाठ असलेल्या अंगाईच्या चालीवर ओळी बसवल्या होत्या. माझा भाता ओढत तो खड्या आवाजात गायला:

"एकाने ही परत केली,
सेल प्राइस, नो रिटर्न."

धाकटीचा आधीचा साखरपुडा मोडला होता. माझ्या भात्यातून त्याच ओळींची हवा बाहेर पडली आणि मला किळस आली. उष्ट्या हाताने कुणी पट्ट्या चिवडाव्यात, तसे वाटले.

"मामा, हे नको," तिची थोरली बहीण, ताई, म्हणाली.

"अगं, सासरच्यांना मराठी ओळ कुठे कळते? एवढं तिखट चालतं."

"म्हणजे हसणार आपण आणि झोंबणार तिला. तुमचं 'रिटर्न' तर चालीतही बसत नाही. शेवटचा सूर लांबतो, तिथे तोंड उघडं राहील असा स्वर हवा."

मामा जाड आवाजात हसला. तो हसू लागला की मला आजही माझे झाकण लावून घ्यावेसे वाटते.

ताई मला घेऊन स्वयंपाकघरात बसली. तिने टेबलावर बोटाने ठेका धरला. एका ओळीत चार ठोके होते. मराठीत प्रत्येक ठोक्यावर एक शब्द बसला. इंग्रजीत मात्र जोर पडणारे अक्षर ठोक्यावर आणावे लागले. नवऱ्याचे 'चकाकते टक्कल' सुचले, तेही तिने खोडले. माणूस जे बदलू शकत नाही, त्यावर हसायचे नाही, असे आई म्हणायची. मग सवयी निवडल्या, नवरा-नवरी दोघांच्याही. हशा दुसऱ्या, इंग्रजी ओळीत ठेवला, म्हणजे सासरच्यांनाही तो कळेल.

"नवरा म्हणतो, आलो, आलो,
स्टिल इन स्लिपर्स, मूव्हिंग स्लो.
नवरी शोधे चष्मा कोठे,
ऑन हर फोरहेड, एव्हरी डे."

"पाणचट झालं," मामा दारातून म्हणाला.

ताईने धाकटीला बोलावून तिच्यापुढे सगळे गाऊन दाखवले. धाकटी ओट्याला टेकून ऐकत होती. 'स्लो'वर सूर लांबला, तसे तिचे खांदे हलू लागले.

"त्याची आत्या तर रडेल हसून," ती म्हणाली. "पण ताई, माझी ओळ मीच म्हणणार हं."

संध्याकाळी तिने ती म्हटली. सासरची माणसे टाळ्या वाजवत होती आणि आत्याबाईंनी पुन्हा म्हणायला लावली. पाहुणे गेल्यावर धाकटी माझ्यापाशी बसली आणि आई गेल्यापासून प्रथमच तिने भाता ओढला. सूर थोडा फाटका निघाला.

मित्रांनो, मला अधूनमधून वाजवत जा, नाहीतर माझे चामडे वाळते. पण भात्यात कोणती हवा भरायची, ते माझ्या हाती नाही. ती तुम्ही भरता. कुणाची जखम माझ्या सुरावर ठेवू नका. पुसायचे झाले, तर धूळ कापडाने जाते. पण मामाचे ते गाणे अजून माझ्या पट्ट्यांना चिकटून आहे.