डब्याखालचं पाणी

पंजाबरावांच्या बांधीतून येणारे आकडे सलग पाच आठवडे इतके नीट होते, की रागिणीनं ते दुसऱ्यांदा तपासलेच नव्हते. चूक तिथंच झाली.

दर गुरुवारी भंडाऱ्याहून कुप्यांचं खोकं अकोल्याला यायचं. उन्हाळी धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली दोन खाचरं. एकीत नेहमीसारखं कायम पाणी. दुसरीत पाणी भरायचं, आटू द्यायचं आणि भोकं पाडलेल्या नळात ते मातीखाली पंधरा सेंटिमीटर गेलेलं दिसलं की पुन्हा पाच सेंटिमीटर भरायचं. पाण्याखाली कोंडलेल्या मातीत मिथेन तयार होतो. माती उघडी पडून हवा शिरली की तो कमी होतो. किती कमी, ते मोजायला प्रत्येक बांधीत रोवलेल्या तीन लोखंडी चौकटींवर पारदर्शक डबा पालथा घालायचा आणि दर दहा मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा काढायची. एका चौकटीच्या अर्ध्या तासात चार कुप्या. कुप्यांतला वायू यंत्रात जायचा आणि पडद्यावर चार ठिपके उमटायचे. ठिपके एका सरळ रेघेत चढले की नमुना चांगला.

प्रयोगशाळेत यंत्रावर रागिणी एकटीच असायची. चांदूर रेल्वेहून अकोल्यात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. भाड्याच्या खोलीत ती जेवणापुरतं बोलायची, तेही डबेवालीशी. मनसोक्त बोलणं व्हायचं ते बुधवारी, मोजणी करून पंजाबराव फोन करायचे तेव्हा.

पंजाबराव मूळचे तिच्याच तालुक्यातले, म्हणून ती त्यांना काकाजी म्हणायची. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून पत्नी शकुनबाईंच्या मागे भंडाऱ्याकडे गेले आणि तिथंच राहिले. शकुनबाई जाऊन दोन वर्षं झाली. धानाच्या त्या गावात त्यांना अजून 'कापूसवाले' म्हणत.

"काहून नाई म्हणतीन?" ते फोनवर हसायचे. "बांधीले भेगा पडल्या तं इथल्या लोकायच्या पोटात गोळा येते. मी म्हणतो, बाप्पा, भेगाइतच तं मी वाढलो."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खुशालराव सरांनी तिला बोलावलं. सगळा प्रयोग त्यांच्या देखरेखीखाली होता.

"कायम पाण्याच्या बांधीत तासाला, चौरस मीटरला सात मिलिग्रॅम. सुकवायच्या बांधीत पावणेसात. बाकीच्या गावांत अशा बांधीत तीनच्या आसपास आहे. याचा अर्थ काय?"

रागिणीनं आकड्यांचा कागद जवळ ओढला.

"तुमचे काका पाणी आटूच देत नाहीत. नळाचं माप घरी बसून लिहितात. पुढच्या हंगामात ते गाव काढून टाकू."

"मोटरचे तास कमी आहेत, सर. जवळजवळ तीस टक्के."

"तेही त्यांनीच लिहिलेत ना?"

पंजाबराव खोटारडे ठरत होते. शनिवारी पहाटे रागिणी गाडीत बसली. चांदूर आलं तेव्हा उजाडलं होतं. फलाटावर ओळखीचं कुणी दिसतं का, हे तिनं खिडकीतून पाहिलं, पण कुणी नव्हतं. गाडी पुढे निघाली.

पंजाबराव फाट्यावर धुतलेला सदरा घालून उभे होते. फोनवर तिनं फक्त 'येते' एवढंच सांगितलं होतं, तरी त्यांनी कारण विचारलं नाही.

"जेवशील अगोदर?"

"अगोदर बांधी पाहू, काकाजी."

बांधी सुकलेली होती. माती घट्ट, बारीक भेगा पडलेल्या, धान हिरवंगार. तिनं नळात पट्टी घातली. पाणी अकरा सेंटिमीटर खाली. वहीतही अकराच होतं. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, आणि पुढच्याच क्षणी दुप्पट झालं. मग पावणेसात मिलिग्रॅम येतात कुठून?

दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून नत्थुजी नावाचा गडी ओरडला, "मॅडम, यायले समजवा जी! धान ठेवतेत तहानलेलं अन् डब्याले पाजतेत पाणी!"

"तू आपलं काम कर," पंजाबराव म्हणाले.

रागिणी पहिल्या चौकटीपाशी वाकली. भोवतीची माती कोरडी आणि चौकटीच्या आतला दोन फुटांचा चौकोन मात्र चिखल. वर चार बोटं पाणी. तिनं बोट रोवलं तसे बुडबुडे वर आले.

"हे पाणी?"

"सकाळी दोन बादल्या, सांजच्याले दोन. तिन्ही चौकटीले." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "एक दिवस नाई चुकलो. तूच सांगतलं होतं ना फेब्रुवारीत. डब्याखाली पाणी कमी पडते, गॅस निसटते, पाणी कमी पडू देऊ नका."

तिला ते आठवलं. फेब्रुवारीत पहिल्यांदा बांधी सुकली तेव्हा चार ठिपके वेडेवाकडे आले होते. चौकटीच्या काठाला बोटभर खाच असते. त्या खाचेत पाणी असलं की डबा हवाबंद बसतो. तिला खाच म्हणायचं होतं, तेही फक्त मोजणीच्या अर्ध्या तासापुरतं. पण ती म्हणाली होती 'डब्याखाली'. यंत्रासमोर बसून, घाईत. त्यानंतर रेघ सरळ झाली आणि ती खूश झाली. रेघ सरळ होती, कारण डबा घट्ट बसत होता. आकडा मोठा होता, कारण डब्याखाली दोन फुटांचं भरलेलं तळं होतं.

तिनं सगळं सांगितलं. पंजाबराव धुऱ्यावर बसले.

"म्हणजे दीड महिना मी गॅसच बनवून राहिलो?"

"चूक माझी आहे, काकाजी. मी अर्धंच सांगितलं."

"तुयी कशी? बादली मायी होती." ते सदरा झटकत उठले. "आता?"

"जुने आकडे खोडावे लागतील. आजपासून फक्त खाचेत पाणी, तेही मोजताना. फुलोरा केव्हा धरेल?"

"अठरा-एकोणीस दिवसांत."

फुलोऱ्याच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर पाणी तोडायचं नसतं, दाणा पोचट राहतो. म्हणजे हातात उणेपुरे अकरा दिवस. दोनच बुधवार.

पहिल्या बुधवारचा आकडा आला नऊ. खुशालराव सरांनी भुवया उंचावल्या. माती सुकू लागली की आत अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो, हे रागिणीला माहीत होतं, त्यांनाही. तरी ती त्या रात्री नीट झोपली नाही. मोजणीच्या त्याच बुधवारी संध्याकाळी नळात पंधरा दिसले होते आणि पंजाबरावांनी बांधी भरली होती. उन्हं कडक होती, पुढच्या बुधवारपर्यंत पाणी पुन्हा मातीखाली गेलं.

त्या गुरुवारच्या खोक्यात सुकवायच्या बांधीच्या बारा कुप्या होत्या. चार ठिपके, तीन वेळा. रेघा सरळ होत्या, पण जवळजवळ आडव्या. सरासरी दोन पूर्णांक तीन.

तिनं आकडे तीनदा तपासले. मग फोन लावला.

"कमी आलं, काकाजी. एक तृतीयांशच राहिलं."

"म्हणजे मी खोटा नाई."

"नाही."

"बरं झालं." पलीकडे मोटर चालू होती. फुलोऱ्यासाठी बांधी भरत होती. "सकाळी उठलो का हात बादलीकडेच जाते पोरी. परवा भरली बी. मंग आठवलं. नेऊन शेवग्याच्या बुडाशी ओतली."

मे महिन्यात कापणी झाली. सुकवलेल्या बांधीत एकरी साडेवीस क्विंटल, कायम पाण्याच्या बांधीत वीस क्विंटल सत्तर किलो, म्हणजे सारखंच. मोटरचे तास अठ्ठावीस टक्के कमी. रागिणीनं अहवालात पाणी आणि उत्पन्न भरलं. मिथेनच्या रकान्यात पाच आठवड्यांसमोर आडव्या रेघा ओढल्या आणि खाली टीप लिहिली: मोजणाऱ्यास सूचना अपुरी दिल्यामुळे रद्द, सूचना देणारी, रागिणी.

खुशालराव सरांनी टीप वाचली आणि सही केली. दोन मोजण्यांवर मिथेनबद्दल काही म्हणता येणार नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. पण गाव त्यांनी यादीत ठेवलं.

पुढची रोवणी जानेवारीत होती. तोवर मोजायला काही नव्हतं, म्हणून बुधवारी फोनही येणार नव्हता. जूनच्या पहिल्या बुधवारी साडेदहाला रागिणीनं यंत्र बंद केलं आणि स्वतःच नंबर लावला. काय विचारायचं, ते तिनं ठरवलं नव्हतं.

"शेवगा कसा आहे, काकाजी?"

"थांब," पंजाबराव म्हणाले, "पाहून सांगतो." आणि फोन चालूच ठेवून ते उठले.