अकरा हाका

बाबांच्या काखेत खाकी पुठ्ठ्याची फाईल दिसली आणि ती दारातच थबकली.

"जुने कागद आणलेत," बाबा म्हणाले. "कारखान्यात दर वर्षी कान तपासायचे. तुला लागतील."

लागतात, अगदी लागतात. एरवी दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याने असे कागद जपून आणले असते तर तिने त्याचं तोंडभरून कौतुक केलं असतं. हॉस्पिटलात तिला सगळे 'कानवाल्या ताई' म्हणत. वीस वर्षं ती लोकांचे कान तपासत होती, आणि तपासणीचा जुना तक्ता मिळावा म्हणून पेशंटच्या मागे लकडा लावत होती. आज मात्र तिने फाईल बाजूला सारली. "आधी आजची तपासणी," म्हणाली. घरच्या माणसाला आपण तपासू नये, असा त्यांच्या विभागाचा रिवाज. पण दुसरी तंत्रज्ञ रजेवर होती आणि 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य बाबांना सांगायची छाती तिला या जन्मात झाली नसती.

या भीतीचं मूळ सांगायलाच हवं, नाहीतर बेचाळीस वर्षांची बाई एका फाईलला का घाबरते, हे कुणाला कळणार?

नऊ वर्षांची असताना ती तापाने फणफणली होती. आई कामाला गेलेली. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते, मधलं दार उघडं. तिने हाक मारली. मग पुन्हा मारली. अकरा हाका मारल्या, मोजून. प्रत्येक हाकेनंतर पेपरचं पान उलटल्याचा आवाज यायचा, बाबा यायचे नाहीत. संध्याकाळी आईने कपाळावर ओली पट्टी ठेवत सांगितलं, "त्यांना ऐकू येत नाही गं नीट. मशीनच्या खडखडाटात कान गेलेत त्यांचे." बाबा बाटल्यांच्या कारखान्यात होते, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. बाबा मारत नसत, पीत नसत, महिन्याचा किराणा वेळेवर भरत. फक्त घरात असून नसल्यासारखे असत. तिने बक्षीस आणलं काय, गुडघा फोडून आणला काय, त्यांचं उत्तर एकच, "बरं." पुढे एकदा ती पाय आपटून ओरडली होती, "तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?" त्यावर बाबा एकोणीस दिवस एक अक्षर बोलले नाहीत. एकोणीस दिवस! पोरीने त्यातून धडा घेतला तो पक्का घेतला. तिला पुन्हा कधी राग आला नाही. राग यायच्या जागी तिचे हात गार पडायला लागले.

आईच्या त्या एका वाक्यावर तिने सगळा जन्म उभा केला होता. बाबांना ऐकू येत नव्हतं. म्हणून ते आले नाहीत. ती कानांच्या धंद्यात कशी आली, असं कुणी विचारलं की ती हसून "अपघाताने" म्हणायची. डोंबलाचा अपघात.

अलीकडे मात्र रात्री झोप उडायची, बाबांचा फोन आला की छाती धडधडायची, म्हणून ती एका समुपदेशक बाईंकडे जायला लागली. बाईंनी विचारलं, "भीती वाटते म्हणता, ती शरीरात कुठे वाटते?"

"जबड्यात. आणि मुठी वळतात."

"घाबरलेलं माणूस पळतं. दात-ओठ कोण खातं?"

तिने वळलेली मूठ उघडून पाहिली. बाई म्हणाल्या, "लहानपणी रागावणं परवडणारं नव्हतं, म्हणून तुम्ही त्याला भीतीचे कपडे घातलेत. बाबांना जाब विचारायला मी सांगत नाहीये. ते ठरवायचं तर नंतर, आणि नाही ठरवलंत तरी चालेल. पण तुमचा राग आधी तुम्हाला तरी ऐकू येऊ दे." त्यांनी न पाठवायचं पत्र लिहायला सांगितलं. हिने 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार' असं लिहून पुढे चार ओळी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मग रिकाम्या खुर्चीशी बोलायला सांगितलं. घराच्या भिंती पातळ, शेजारीण कानाची तिखट. खुर्चीपुढे ही कुजबुजली आणि गप्प बसली. घाबरणारा माणूस खुर्चीलाही घाबरतो.

तर असं सगळं. आणि आता बाबा काचेपलीकडे, आवाजबंद खोलीत, कानांवर हेडफोन आणि हातात बटण घेऊन ताठ बसले होते.

"आवाज कितीही बारीक आला तरी दाबा," तिने माइकमधून सांगितलं.

तिने नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. ऐकू आलं की आवाज दहा डेसिबलने खाली, नाही आलं की पाचाने वर, जिथे माणूस निम्म्या वेळा तरी बटण दाबतो तिथे खूण. उजव्या कानाची लाल, डाव्याची निळी. बाबा प्रामाणिकपणे दाबत होते. ढाल्या, खालच्या पट्टीच्या आवाजांना कान उत्तम होते, वरच्या पट्टीच्या आवाजांकडे रेघ उतरत गेली. वयाने उतरते तशीच. खडखडाटात वर्षं काढलेल्या कानाचा तक्ता एका ठरावीक जागी खड्डा पडल्यासारखा खचतो. तो खड्डा तिने शोधला. पुन्हा शोधला. मिळाला नाही.

पण आजच्या तक्त्यावरून तेहतीस वर्षांपूर्वीचं सांगता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यासाठी ती फाईल होती.

तिने बाबांना बाहेर बाकावर बसवलं. "अहवाल लिहिते," म्हणाली. दार लोटलं. फाईल उघडू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. न उघडता परत दिली असती तर बाबांनी कारणही विचारलं नसतं; कारणं विचारायचा त्यांचा स्वभाव नाही. हात बर्फासारखे झाले होते. तिने फाईल उघडली.

कागद वर्षावार लावलेले, बाबांच्या स्वभावाला धरून. ती नऊ वर्षांची होती त्या वर्षीचा कागद तिने काढला. दोन्ही कान स्वच्छ. लाल आणि निळी रेघ तक्त्याच्या वरच्या कडेला, सरळ. पोराचं रडणं सोडा, पान उलटल्याचा आवाजही ऐकू येईल असे कान. खाली शेरा होता: कानांवरच्या संरक्षक टोप्या नियमित वापरतात. बाबा कानांची काळजी घेत होते!

त्यांनी अकराच्या अकरा हाका ऐकल्या होत्या.

पहिल्यांदा आली ती भीतीच. आता मी काहीतरी करीन, बाहेर जाऊन हा कागद त्यांच्या तोंडापुढे धरीन, आणि मग ते गप्प होतील, आणि या खेपेला एकोणीस दिवसांवर भागणार नाही. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, अबोल्यातच जातील. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले. दात! तिला बाईंचं बोलणं आठवलं. दात-ओठ कोण खातं?

ती कागद हातात घेऊनच उठली, आवाजबंद खोलीत शिरली आणि जाड दार ओढून घेतलं. बाबांची खुर्ची तशीच होती, हेडफोन तिच्यावर लटकलेला. तिने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. सुरुवातीला घशातून चिरका सूर निघाला. मग शब्द आले.

"ऐकू येत होतं तुम्हाला! मी मरत होते तापाने आणि तुम्ही पान उलटत होतात! उठायला काय झालं होतं? नुसतं 'काय गं' म्हणायला काय झालं होतं?"

खोली तो आवाज गिळून टाकत होती. ती आणखी जोरात ओरडली. बक्षिसाबद्दल, गुडघ्याबद्दल, त्या 'बरं'बद्दल, एकोणीस दिवसांबद्दल. अंग भट्टीसारखं तापलं, हातसुद्धा. खुर्चीवर थापड मारली तेव्हा तळहात झणझणला, आणि कुणालाही काही झालं नाही. छत कोसळलं नाही. ती घाबरतच होती, तरीही ओरडत होती. बऱ्याच वेळाने राग ओसरला, आणि त्याच्या खालून रडू आलं. ते बाबांसाठी नव्हतं. दुसऱ्या खोलीच्या उघड्या दाराकडे डोळे लावून पडलेल्या त्या पोरीसाठी होतं. तिला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. हिनेही नाही; हिने उलट तेहतीस वर्षं बाबांची वकिली केली होती.

"आले गं," ती खुर्चीजवळ खाली बसून म्हणाली. "आले. ऐकलं मी."

नाक पुसून ती बाहेर आली आणि जागीच थिजली.

यंत्राच्या टेबलापाशी बाबा बसले होते. टेबलावरच्या छोट्या स्पीकरचा हिरवा दिवा चालू होता. आतल्या पेशंटचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून खोलीत माइक असतो. तपासणी संपली की तो बंद करायचा. नवशिक्यांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची. आणि आज स्वतःच विसरली होती.

"चष्मा राहिला होता," बाबा म्हणाले.

 तिचं डोकं सवयीने हिशेब करायला लागलं: एवढा लहान स्पीकर, एवढं अंतर, आज काढलेला तक्ता. आवाज पोचला असेल. शब्द कळले नसतील. किंवा काही कळलेही असतील. 'बाबा' हा शब्द ढाल्या आवाजाचा, तो त्यांना कळला असता, पण तो तिने एकदाही उच्चारला नव्हता. नक्की नव्हता?

"आत कोण ओरडत होतं?" बाबांनी विचारलं.

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. यंत्र तपासत होते, रेकॉर्डिंग होतं, काहीही. आणि दुसऱ्या बाजूने तो कागदही हातात होता, पुढे केला की झालं. तिने दोन्ही केलं नाही. तिला जे सांगायचं होतं ते त्या नऊ वर्षांच्या पोरीला सांगून झालं होतं.

"मी," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. क्षणभर त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग ते चष्मा पुसायला लागले.

"बरं," ते म्हणाले. "झालं असेल तर निघू या."

ती वाट बघत राहिली. बाबांच्या पुढच्या शब्दाची नव्हे, त्या शब्दाची वाट बघणं आपल्या आत कधी सुरू होतं त्याची. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का, हे शोधायला डोळे आपोआप धावायचे. आज ते धावले नाहीत. भीती अजून होती. पण बाबा काही विचारणार नाहीत हे तिला कळलं होतं, आणि कळूनही छातीत काही तुटलं नाही. जे तुटायचं ते फार पूर्वी तुटून गेलं होतं. ती उगाच त्याला हात लावून धरून बसली होती.

"लगेच नाही," ती म्हणाली. आवाज बसला होता. "मला पाणी प्यायचंय. तुम्ही थांबा."

बाबांच्या भुवया वर गेल्या. त्यांना कुणी असं थांबवलेलं तिला तरी आठवत नव्हतं. तिने कागद फाईलमध्ये त्याच्या वर्षाच्या जागी लावला, फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर गेली. व्हरांड्यातल्या नळाशी तिने एक पेला भरून रिकामा केला, मग दुसरा, सावकाश. बाबा आत थांबले होते. तिने तिसराही भरला.