डाव्या डोळ्याचं कारण

उल्काच्या डाव्या डोळ्यातून अकरा महिने पाणी गळत होतं. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, खाजतही नव्हता. नुसतं पाणी. भाजी चिरताना, मेट्रोत बसल्यावर, शेजारणीशी बोलता बोलता थेंब भरून यायचा आणि गालावरून खाली उतरायचा. वारा लागला की जास्तच. समोरच्या बाईला वाटायचं हिच्यावर काहीतरी संकट आलंय, आणि उल्काला प्रत्येकीला सांगत बसावं लागायचं की मी रडत नाहीये. सांगून सांगून ती थकली होती. पुसून पुसून पापणीखालची कातडी सोलवटली होती.

दिल्लीत माणसाला काहीही झालं तरी एकच निदान ठरलेलं असतं: हवा. खोकला आला, हवा. केस गळले, हवा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्याकडे लांबूनच पाहिलं, 'पॉल्यूशन' म्हणाले आणि ॲलर्जीचे थेंब लिहून दिले. ते संपले तेव्हा दुसरे दिले. बंगळुरूहून अक्षताने, म्हणजे लेकीने, हवा शुद्ध करायचं यंत्र पाठवलं. ते कोपऱ्यात घुर्रघुर्र करत राहिलं आणि डोळा आपला वाहत राहिला.

खरं सांगायचं तर उल्काला ते निदान फार आवडलं होतं. एकोणीस वर्षं ती दिल्लीच्या द्वारका भागातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होती आणि एकोणीस वर्षं तिला महाराष्ट्रात परत जायचं होतं. नवरा, सुधन्वा, केंद्र सरकारात अधिकारी. माणूस सज्जन, पण नियमाबाहेर श्वाससुद्धा घेणार नाही असा. खात्याचं एक कार्यालय पुण्यालाही होतं. पण बदली मागायची तर 'ग्राउंड' लागतं, म्हणजे नियमात बसणारं कारण, असं तो म्हणायचा. बायकोला इथे करमत नाही हे काही ग्राउंड नव्हे. डोळा मात्र ग्राउंड होता. पहिल्यांदाच त्याने आपणहून अर्जाचा मसुदा केला: दिल्लीच्या हवेमुळे पत्नीच्या डोळ्याला अपाय होत असल्याने पुण्यास बदली मिळावी. सोबत नेत्रतज्ज्ञाचा दाखला जोडायचा होता, तेवढाच बाकी होता.

त्यात उल्काने आपल्या हाताने एक भर घातली होती. नोव्हेंबरात ती भाचीच्या लग्नाला एकटीच सांगलीला गेली, भावाकडे, बळवंताकडे. डोळा तिथेही तसाच वाहिला, अगदी मांडवातसुद्धा. पण परत आल्यावर सुधन्वाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडे एक थेंब नाही आला." म्हणजे चक्क खोटं बोलली. त्याने मान हलवली आणि ते वाक्य अर्जात घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ती गप्प बसली.

जानेवारीत दवाखान्याची चिठ्ठी घेऊन दोघं नोएडाच्या रुग्णालयात गेले. मेट्रोच्या निळ्या लाइनवर सव्वा तास. डॉक्टर बाई पंजाबी होत्या, चाळिशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दिल्लीबाहेर गेल्यावर पाणी थांबतं का? सुधन्वाने तिच्या वतीने उत्तर दिलं, बिल्कुल थांबतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"आप बताइए."

"हां," उल्का म्हणाली. "रुक जाता है." खोटं बोलायची सवय नसली की दुसऱ्यांदा बोलणं पहिल्यापेक्षा जड जातं.

डॉक्टरांनी डोळा दिव्याखाली धरला, पापण्या उलट्या करून पाहिल्या. मग नाकाशेजारी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, बोटाने हलकेच दाबलं. कोपऱ्यातून थोडा चिकट स्राव वर आला. हं, असं त्या म्हणाल्या आणि बधिर करणारे थेंब घातले.

तपासणी साधीच होती. खालच्या पापणीच्या आतल्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, त्यात बोथट बारीक नळी घालून खारट पाणी सोडायचं. आधी उजवा डोळा. पाणी सोडताच उल्काला घशात मिठाची चव लागली आणि तिने आवंढा गिळला. मग डावा. ती चवीची वाट पाहत राहिली. घशात काहीच आलं नाही. सोडलेलं पाणी वरच्या पापणीच्या तशाच भोकातून उलटं बाहेर आलं आणि गालावरून ओघळून कॉलरमध्ये शिरलं.

डॉक्टरांनी सोप्या हिंदीत समजावलं. अश्रू सगळ्यांच्याच डोळ्यांत सतत तयार होत असतात. ते पापण्यांच्या या भोकांतून एका लहानशा पिशवीत जातात आणि तिथून नळीने नाकात उतरतात, म्हणून एरवी आपल्याला कळतही नाहीत. हिची डावी नळी खाली बुजली आहे. मोरीचं तोंड तुंबलं की पाणी घरात यायचंच. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये हे पुष्कळ दिसतं, बहुतेकदा ठरावीक कारण सापडत नाही. हवेने सहसा दोन्ही डोळे चुरचुरतात, लाल होतात. इथे एकच आहे आणि तो स्वच्छ आहे. थेंबांनी नळी उघडणार नाही. छोटं ऑपरेशन करून पिशवीतून नाकात नवी वाट काढून द्यावी लागेल. घाई नाही, पण तिथे सूज येऊन ठणका लागला तर त्याच दिवशी यायचं.

सुधन्वाने दाखल्याचा मसुदा पुढे केला. डॉक्टरांनी वाचून परत दिला. हे मला लिहिता येणार नाही, म्हणाल्या. बुजलेली नळी गाव बदलल्याने उघडत नसते. उल्काकडे पाहून त्या आणखी काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

बाहेर फाटकाशी चहाची टपरी होती. दोघं बाकावर बसले. सुधन्वा बराच वेळ फुंकर घालत राहिला, चहा केव्हाच निवला होता.

"म्हणजे सांगलीलाही पाणी येत होतं."

"येत होतं."

"मी ते लिहून दिलं असतं, उल्का. माझ्या सहीने."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली एक जुना थकवा होता, तो आज वर आला. डोळा बरा होणार याचा आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र हातातलं तिकीट कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

"बोलली का नाहीस सरळ?" त्याने विचारलं.

"बोलले होते. तीनदा. अक्षता चौथीत होती तेव्हा, आई गेली तेव्हा आणि करोनानंतर. तुम्ही म्हणालात, ग्राउंड काय?" तिने गाल पुसला. "मग डोळा वाहायला लागला आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहायला बसलात. डोळ्यासाठी बसलात. माझ्यासाठी नाही बसलात."

सुधन्वाने कप खाली ठेवला. या माणसाने तेहतीस वर्षांत पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नव्हती, आणि शेजारी बसलेल्या बाईकडे पुरावा म्हणून काहीच उरलं नव्हतं.

मग त्याने फाइलमधून अर्ज काढला, डोळ्याचा परिच्छेद रेघ मारून खोडला आणि पेन तसंच धरून राहिला.

"हे असं नामंजूर होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"कारण काय लिहू?"

"मला इथे राहायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच आहे."

मग मांडीवरच्या फाइलवर कागद टेकवून, सुवाच्य सरकारी अक्षरात, त्याने ते लिहिलं.