खालच्या ओठाचा प्रश्न

डॉक्टरबाईंच्या थोरल्या भावाला शिक्क्यांचं वेड होतं. दवाखाना त्याचा, त्यामुळे वेडही खपून जायचं. दात काढण्याआधीच्या संमतीसाठी त्याने एक रबरी शिक्का करून घेतला होता: ‘धोके व पर्याय समजावले. रुग्णाला शंका नाहीत.’ रुग्ण खुर्चीत बसायच्या आत डॉक्टरबाई तो कागदावर उमटवून मोकळ्या होत. चूकच ती, पण बाहेर माणसं ताटकळलेली असली की चूकसुद्धा शिस्त वाटायला लागते.

त्या दिवशी खुर्चीत एक पन्नाशीचा अबोल गृहस्थ होता. खालची अक्कलदाढ आडवी, हिरडी वारंवार सुजायची. औषधांनी सूज उतरली होती, पण पुन्हा येणार हे ठरलेलं. शेजारी त्याची बायको बसली होती आणि तोंड तिचं चालू होतं.

“यांना काही विचारायचं नाही. काढून टाका एकदाची.”

डॉक्टरबाईंनी धोके सांगायला सुरुवात केली. दुखेल, सुजेल, रक्त येईल, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तोंड काही दिवस कमी उघडेल. शिवाय स्कॅनमध्ये दाढेची मुळं ओठाच्या नसेला टेकलेली दिसत होती. नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होईल. बहुतेकांची हळूहळू सुधारते, थोड्यांची कायमची तशीच राहते.

“काही शंका?”

“नाही,” बायको म्हणाली.

दारातून भावाने डोकावलं. “झालं का गं?”

डॉक्टरबाईंचा पाय टेबलाखाली हलत होता. सही घेतली असती तर दोन मिनिटांत काम संपलं असतं. पण गृहस्थ बोटाने आपला खालचा ओठ चाचपत होता, आणि ते पाहून त्यांना चैन पडेना.

“वहिनी, जरा बाहेर बसता का? यांच्याशी बोलायचंय.”

वहिनी फुरंगटून गेल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.”

“ओठाचं परत सांगा,” तो म्हणाला. “मी रोज संध्याकाळी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो.”

फाइलमध्ये ‘नोकरी’ एवढंच लिहिलेलं होतं. नोकरी पोटापुरती होती, जीव त्या ट्रम्पेटमध्ये. त्यांनी शिक्क्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही, तारीख, वेळ घातली आणि कोऱ्या जागेत हाताने लिहायला घेतलं. त्याने कोणता प्रश्न विचारला, त्या काय म्हणाल्या, सगळं.

“काढलीच नाही तर?”

“सूज परत येईल, वाढली तर जिवावरही बेतू शकतं. तिसरा मार्ग आहे. वरचा भाग कापायचा, मुळं तशीच ठेवायची. नसेला धोका कमी. पण मुळांत पुढे जंतुसंसर्ग झाला, ती वर सरकली, तर पुन्हा शस्त्रक्रिया. आणि कापताना मुळं सैल झाली, तर ती ठेवता येत नाहीत, तेव्हाच काढावी लागतात. ते आत्ताच ठरवायला हवं.”

“तेव्हा विचाराल?”

“विचारेन. होकार असेल तर मान हलवा, हात वर केलात तर मी थांबेन.”

“आज नको, बाई. विचार करतो.”

भाऊ चिडला. “एका दाढेपायी सकाळ घालवलीस!” नंतरच्या रुग्णाचा एक्स-रे डॉक्टरबाईंनी दोनदा उलटा धरला.

पुढच्या आठवड्यात गृहस्थ एकटाच आला. त्याचं ठरलं होतं: तिसरा मार्ग, मुळं सैल झाली तर काढा. सगळं पुन्हा बोलून झाल्यावर दोघांनी सह्या केल्या.

दाढ कापताना मुळं सैलच झाली. डॉक्टरबाईंनी हत्यार बाजूला केलं, घाम पुसला आणि विचारलं. त्याने डोळे मिटले, मग सावकाश मान हलवली. त्यांनी जमेल तेवढ्या हळुवारपणे ती बाहेर काढली.

रात्र त्यांनी कूस बदलत काढली. सकाळी फोन वाजला.

“इंजेक्शनचा अंमल उतरला असेल ना एव्हाना?” त्याचा आवाज किंचित बोबडा येत होता. “ओठ अजून जागा झालेला नाही.”

“आत्ताच या. तपासते, बधिर जागा आखून घेते, मग दर वेळी किती फरक पडतो ते बघू. महिने लागतात कधी कधी.”

“सांगितलं होतंत. माझी तक्रार नाही, बाई. मीच मान हलवली.” तो थांबला. “एक विचारायचं राहूनच गेलं. हे महिने जातील तोवर, संध्याकाळी मी करायचं काय?”

डॉक्टरबाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.